तंतूंची ऊर्जा शून्य

गुलबर्ग्याच्या एका महिला महाविद्यालयात मी पोषणशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा माझी नेमणूक तात्पुरती होती. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, आणि निघेपर्यंत नोकरीची खात्री नसायची. त्यामुळे मी कुणाच्या अध्यातमध्यात नसे. माझ्या शिक्षिकेने मला ज्या नोट्स दिल्या होत्या त्याच मुलींना सांगायची, त्यांवरूनच पेपर काढायची, आणि त्यांवरूनच उत्तरांची किल्ली. किती सोपं, नाही का.

अंतर्गत परीक्षेचे गुण फळ्यावर लागले त्या दिवशी दुपारी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हळ्ळीखेड गावाकडची. आजोबा मेंढरं राखायचे, वडील आता दुसऱ्याच्या शेतात राबत होते. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती एका गुणाने नापास झाली होती. अंतर्गत परीक्षेत नापास झालं की हॉलतिकीट नाही. वर्ष गेलं की वसतिगृहातली जागाही जाणार, आणि वसतिगृहाशिवाय ती शिकू शकणार नव्हती. चार वाजता कारकून यादी विद्यापीठाला पाठवणार होता.

"मॅडम, ह्ये कामून चूक हाय?" उत्तरपत्रिकेतल्या एका फुलीवर बोट ठेवून तिने हळूच विचारलं.

प्रश्न होता: आहारातील तंतूंपासून शरीराला काहीच ऊर्जा मिळत नाही, खरे की खोटे. किल्लीत ‘खरे’ होतं. तिने ‘खोटे’ लिहून खाली चार ओळी इंग्रजीत खरडल्या होत्या. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, पण काही तंतू मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची आम्लं तयार होतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराच्या पेशीच वापरतात, प्रोपियोनेट बहुतेक यकृतात जातं, ॲसिटेट रक्तातून स्नायूंपर्यंत पोचतं. म्हणून आंबणाऱ्या तंतूंच्या एका ग्रॅममागे साधारण दोन कॅलरी मिळतात.

"हे कुठं वाचलंस?"

"लायब्ररीत नवं पुस्तक आलंय की."

तिला बाहेर बसवून मी लायब्ररीत गेले. पुस्तक होतं, आणि त्यात तिने लिहिलं तसंच होतं. कोंड्यातला सेल्युलोज फारसा आंबत नाही, कांद्यातले नि डाळीतले काही तंतू चांगले आंबतात, हेही होतं. बाकीच्या सगळ्या मुलींनी ‘खरे’ लिहून गुण मिळवला होता, कारण तसं मीच सांगितलं होतं. बरोबर उत्तर लिहिणारी वर्गात एकटीच होती आणि तीच नापास होती.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. ही मुलगी कुणाकडे तक्रार करणार होती? तिला ‘बघते’ म्हणायचं आणि चार वाजू द्यायचे. स्वतःची किळस आली, तरी मी लायब्ररीतच बसून राहिले. मुख्य मॅडम, आमच्या प्राचार्या, फार कडक होत्या. सही झालेली यादी बदला म्हणणाऱ्या शिक्षिकेला जूनमध्ये कोण बोलावणार?

साडेतीनला बाहेर आले तर ती बाकावर वाट बघत होती; मी सरळ मुख्य मॅडमच्या खोलीत गेले. कन्नडमध्ये बोलताना जीभ अडखळत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाकीच्यांचा गुण कापायचा?"

तसं केलं तर आणखी चारपाच जणी गळणार होत्या. मी म्हणाले, "त्यांना चुकीचं मीच शिकवलंय. त्यांचा राहू द्या, हिला तिचा द्या."

"लिहून द्या. चूक कुणाची, तेही लिहा."

मी लिहिलं, किल्ली चुकीची होती आणि ती मी केली होती. खाली सही केली. मॅडमनी कागद माझ्या फायलीत लावला आणि कारकुनाला यादी दुरुस्त करायला सांगितलं. जूनचं काय, ते मी विचारलं नाही.

मुलगी बाकावर तशीच बसली होती. पास झालीस म्हटल्यावर तिने पदराने डोळे पुसले. मला मात्र आत कुठेतरी तिचा राग आला होता. हिने आधी तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती.

"मी वर्गात चुकीचं सांगायलेय हे कळल्यावर तवाच का नाही बोललीस?"

"भ्या वाटलं, मॅडम. समद्यांसमोर तुमाला चूक कसं म्हनू? म्हनून पेपरात लिवलं. मला वाटलं, तितं तुमी वाचताल."

मी मान डोलावली. तिचा पेपर तपासताना मी फक्त पहिला शब्द पाहून फुली मारली होती, हे तिला सांगायचा धीर मला त्या दिवशी झाला नाही.