राजेश्वरीने घेतलेलं कराचं जुनं पुस्तक

कोपरखैरण्याच्या ज्या अभ्यासिकेत मी शिकवतो, तिथे राजेश्वरीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती जुन्या पुस्तकातली कुणाची तरी पेन्सिलची उत्तरं खोडत होती. "दिसली की डोकं चालवावंसं वाटत नाही, सर," म्हणाली.

वडील भैरू तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, मूळचे साताऱ्याच्या जावळीतल्या मेढ्याचे. सीए इंटरच्या परीक्षेचा पहिला ग्रुप तिचा एकदा गेला होता, म्हणजे ती त्यात नापास झाली होती. भैरूंनी सांगून टाकलं होतं, "आता एकदाच. न्हाय झालं तर नोकरी बघायची. धाकटीचं बी शिक्षण हाय."

पुस्तकं ती मोबाईलवरून जुनी घ्यायची, पण शिस्तीने. विकणाऱ्याकडे आधी आवृत्तीच्या पानाचा फोटो मागायची, मग मधल्या चार पानांचा. त्याचं खातं किती जुनं, आधीच्यांनी काय अभिप्राय लिहिले, हेही बघायची. कराचं पुस्तक तर दर वर्षी बदलतं.

नेमकं त्याच पुस्तकाच्या वेळी विकणाऱ्याने लिहिलं, 'ताई, मी मेढ्याचा. आडनावावरून ओळखलं, तुम्ही आपल्याकडच्या.' त्याचं खातं आठ दिवसांचं, अभिप्राय एकही नाही. मुखपृष्ठाचा फोटो मात्र हव्या त्या वर्षाचा होता.

"आतलं पान मागितलंस?" मी विचारलं.

"गावचा माणूस आहे, सर. त्याची काय पोलीस चौकशी करायची?"

पुस्तक आलं ते खाकी कव्हर घातलेलं. शिलाई घट्ट, शाईची एक रेघ नाही. फक्त मुखपृष्ठ आणि सुरुवातीची दोन पानं नव्हती. कुणा पोराने फाडली असतील, असं तिला वाटलं. मी पुस्तक हातात घेऊन चाळलं. मलाही तसंच वाटलं. एवढी वर्षं शिकवून माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

पाच आठवडे तिने त्यातूनच अभ्यास केला. परीक्षेला बावीस दिवस उरले असताना सराव प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर जुळेना. चार वेळा गणित मांडलं. मग तिने कराचे दर ताडून पाहिले. पुस्तकातले दर दोन वर्षांपूर्वीचे होते. विकणाऱ्याचा फोन बंद.

भैरूंनी विकणाऱ्याचं नाव विचारलं. मग म्हणाले, "मेढ्यात असा कोन न्हाय. मला तरी इचारायचंस, बाय."

सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नवं साहित्य फुकट मिळतं, पण ते मोबाईलच्या पडद्यावर वाचायचं. ती ते वाचून पुस्तकात लाल पेनाने दुरुस्त्या करत राहिली. शेवटची दोन प्रकरणं राहून गेली.

बाकी पेपर सुटले. करात सदतीस आले. प्रत्येक पेपरात चाळीस लागतात, त्यामुळे ग्रुप पुन्हा गेला.

हल्ली राजेश्वरी वाशीला एका कर सल्लागाराकडे दहा ते सात नोकरी करते. पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरलेला नाही.