डी ड्राइव्हमधला बॅकअप

मित्रहो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आर्णीजवळच्या गावात माह्यं सायबर कॅफे हाये. आज सर्व्हर सुरू केला तं डिस्क टक-टक वाजाले लागली. मी घाबरून तीनदा रिस्टार्ट केला. तिथंच चुकलो. डिस्क वाचणारं हेड बिघडलं असलं का दर वेळी आतल्या चकतीवर ओरखडे वाढतात. मग प्लगच काढला.

बॅकअप होता ना! रोज सी ड्राइव्हमधून डी मध्ये कॉपी मारत होतो. पण दोन्ही एकाच डिस्कचे कप्पे. डिस्क बसली, दोन्ही गेले.

त्यात शेजाऱ्यांचे स्कॅन केलेले अर्ज होते. सरकारी साइट बंद होती म्हणून अपलोड राह्यले होते. उद्या शेवटची तारीख, अन् कोणाचे राह्यले ती यादीबी त्याच डिस्कवर.

दुपारी बाजूच्या तांड्यावर गेलो. शेवंताकाकूले म्हणलं, "काकू, कागदं पुन्हा द्या. स्कॅन कराचे हायेत."

"काहून? तूच तं म्हणला होता, झालं तुमचं काम."

म्हणलो होतो. नुसतं स्कॅन करून. सगळ्याइलेच.

आता घरोघर फिरून राह्यलो. डिस्क तं आज गेली. पण हे 'झालं' मी कितीजणांले सांगून ठेवलं असंन, सांगा?