उरलेले पाच दिवस

एम.कॉम.ची परीक्षा संपली की सांगलीच्या एका कॉलेजात पेपर तपासणी चालते. मला साताऱ्याहून तिथं मॉडरेटर म्हणून बोलावतात. मॉडरेटर म्हणजे दुसऱ्यानं तपासलेल्या गठ्ठ्यातून दहातली एक उत्तरपत्रिका काढायची, पुन्हा तपासायची आणि बाकीच्या नऊ ठीक असतील असं धरून सही करायची. हे काम मला कधीच मनापासून आवडलं नाही. एक तर मला पटकन राग येतो, आणि राग आला की माझा आवाज हॉलभर जातो.

विषय जोखीम व्यवस्थापन. आठ गुणांचा एक प्रश्न होता. दहा लाखांची गुंतवणूक, त्यातले सहा लाख एका शेअरमध्ये, चार लाख दुसऱ्यात. पहिल्याचं रोजचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरी चढउतार, दोन टक्के, दुसऱ्याचं सव्वा टक्का, सहसंबंध शून्य, म्हणजे एकाच्या चढउताराचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रसामान्य वितरणाचा घंटेसारखा वक्र धरून पंच्याण्णव टक्के खात्रीनं एका दिवसाची व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे तोट्याची हद्द, काढा, तिचा अर्थ आणि मर्यादा सांगा. गणित सोपं. रुपयांत विचलन बारा हजार आणि पाच हजार. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की तेरा हजार. पंच्याण्णव टक्क्यांसाठी त्याला १.६५ नं गुणलं की एकवीस हजार चारशे पन्नास.

माझ्या हातातल्या उत्तरपत्रिकेत हा आकडा बरोबर होता. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 'शंभरातल्या साधारण पंच्याण्णव दिवशी तोटा याच्या आत राहील. उरलेल्या पाच दिवशी तो याहून जास्त असेल, पण किती जास्त, हे हा आकडा सांगत नाही. बाजारात मोठी पडझड या वक्राच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा होते. त्या दिवशी दोन्ही शेअर एकदम पडतात, मग सहसंबंध शून्य कसा? तो एक धरला तर विचलन सतरा हजार होतं आणि हाच आकडा अठ्ठावीस हजार पन्नासवर जातो.'

मला आनंद झाला. मग समासात पाहिलं. आठपैकी दोन. अर्थाला शून्य, मर्यादांना शून्य. एकूण ऐंशीपैकी अठ्ठावीस, आणि पास व्हायला बत्तीस लागतात. या पोराचं किंवा पोरीचं वर्ष या एका उत्तरावर अडलं होतं.

तपासणारा कराडचा तरुण प्राध्यापक, तासिका तत्त्वावर राबणारा. मी विचारलं तसा तो घाबरलाच. "मॅडम, मॉडेल आन्सरमधी हाय त्येच बघून दिलं मी. त्यात लिवलंय, एका दिवसातला जास्तीत जास्त तोटा एकवीस हजार चारशे पन्नास. ह्यानं तर म्हटलंय की त्याच्यापेक्षा जास्त हुईल. आणि मर्यादांच्या जागी एकच वाक्य हाय, जुन्या आकडेवारीवर अवलंबून."

मॉडेल आन्सर काढणारे अध्यक्ष माझेच सर. मला याच गावात त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं. त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा वर केला.

"अगं, जास्तीत जास्त म्हणजे पंच्याण्णव टक्के खात्रीनं, हे गृहीतच आहे."

"मग ते लिहायला हवं होतं, सर. तुमच्या उत्तरात पंच्याण्णव हा शब्दच नाही. आणि खरं लिहिणाऱ्याला आपण नापास करतोय."

"मुलांना एवढ्या बारकाव्यात कशाला नेतेस? बहुतेक दिवशी चालतं ना ते गणित?"

इथं मी थांबायला हवं होतं, पण मी कसली थांबते. म्हटलं, "सर, घर बांधताना तुम्ही जोता कुठवर घेतलात? आठवणीतल्या मोठ्यात मोठ्या पुराच्या वर दोन हात. आणि मग कृष्णेचं पाणी कुठं आलं?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे पेन थांबले. त्या पुरात सरांची आयुष्यभराची पुस्तकं गेली होती, आणि ते मला ठाऊक होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. सरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली, दोनदा वाचली, आणि लाल पेनानं दोनाचे सात करून शेजारी सही केली. तेहतीस. एक जण तरी सुटला.

"बाकीचे गठ्ठे उघडूया, सर. अशी आणखी असतील."

"तू दहातली एक पाहिलीस ना? त्यात असं एकच निघालं. म्हणजे पंच्याण्णव टक्के तपासणी ठीक आहे. उद्या निकालाचं काम सुरू व्हायचंय."

"आणि उरलेले पाच टक्के?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि गठ्ठ्यांना सील लावायला शिपायाला हाक मारली.

मी अहवालात लिहिलं की मॉडेल आन्सर चुकीचं आहे आणि या प्रश्नाची सगळी उत्तरं पुन्हा तपासावीत. त्याखाली सही केली. बसस्टँडवर कराडचा तो प्राध्यापक भेटला. माझी पिशवी त्यानं हातातून घेतली आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, तशी उत्तरं आनखी हुती. चार-पाच तरी. पण कुठल्या गठ्ठ्यात, ते आता कसं सांगू?" त्याच्यावर ओरडावं असं वाटलं नाही. साताऱ्यापर्यंत डोळा लागला नाही.

निकाल लागला. अहवालाचं काय झालं, कुणी कळवलं नाही. पंधरा दिवसांनी साताऱ्यात आमच्या स्टाफरूमच्या दारात माझ्या वर्गातली एक मुलगी उभी. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळून शिकणारी. वडील सैन्यातून निवृत्त. पास झाली असती तर कारखान्यात तिला कायम करणार होते. याच विषयात तीन गुणांनी गेली होती. अर्ज करून मागवलेली उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिनं माझ्यापुढं धरली. आठपैकी दोन.

"मॅडम, वर्गात तुमीच म्हनला हुता, जास्तीत जास्त असं कदी लिवायचं न्हाई. मी न्हाई लिवलं. माजं चुकलं का?"

"न्हाई गं. तुझं बरोबर आहे."

"मग पुन्यांदा तपासायला टाकू?"

हो म्हणणार होते. पण पुन्हा तपासणाऱ्याच्या हातातही तेच मॉडेल आन्सर असणार होतं. सरांनी एक उत्तरपत्रिका दुरुस्त केली होती, मॉडेल आन्सर नाही. हे तिला सांगताना माझा आवाज हॉलभर सोडा, टेबलापलीकडेही जाईना. तिनं मान डोलावली. रडली नाही, याचं मला जास्त लागलं.

तिला खुर्ची दिली आणि तिच्यासमोरच सरांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बोल गं, कशी आहेस?"

म्हटलं, "सर, उरलेल्या पाचातली एक माझ्यासमोर बसलीय. तिचं किती नुकसान झालं, ते तुम्ही तिला सांगा."

आणि फोन तिच्या हातात दिला.