लाल भिंतीजवळची पांढरी चादर

संगणकाला अक्कल शिकवायला गेले, हा माझा जुना गाढवपणा. नव्वदीच्या दशकात हिमायतनगरच्या एका ऑफिसात मी घरांच्या आतली चित्रं संगणकावर करायची. चार महिन्यांचा कोर्स झालेला, मिजास मात्र चाळीस वर्षांची!

नल्लकुंट्याच्या एका काकांचं घर बांधून व्हायचं होतं. काकू दवाखान्यात होत्या, त्यांना नवी खोली चित्रात तरी दाखवायची होती. जुन्या घरासारखीच पलंगालगत लाल भिंत काकूंनी मागितली होती.

चित्र तयार झालं, तर भिंतीवरच्या उन्हाने पलंगावरची पांढरी चादर गुलाबी झालेली. संगणकाचं गणित अगदी बरोबर होतं. लाल भिंतीवरून परतलेला उजेड लालसरच असतो. मला वाटलं, डाग पडला. मी भिंतीचा रंग इतरत्र उतरण्याचं प्रमाण शून्य केलं. चादर पांढरीशुभ्र झाली आणि मी शहाणी बाई खूश.

महिन्याभराने काका एकटेच आले. चित्र टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, हे बघून ती म्हणाली, ‘चादर तर इथली दवाखान्यातलीच दिसते हो, घरची उन्हात गुलाबी दिसायची. मला घरी कधी नेणार?’”