सामाईक बरणी

आमच्या खेळाडू मुलींच्या होस्टेलवर, बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्याच्या फडताळात एक मोठी प्लास्टिकची बरणी असायची. कुणाला प्रोटीनचा डबा मिळाला की पावडर त्या बरणीत ओतायची आणि रिकामा डबा कपड्यांची साबण-पावडर ठेवायला न्यायचा. जिला मिळेल तिने आणावं, सगळ्यांनी प्यावं. मी उंच उडीवाली, स्वभावाने संशयी. तरी या बरणीवर मला कधी संशय आला नाही. आपुलकीवर कोण संशय घेतं?

ते हिंजवडीत आयटीच्या इमारती उभ्या राहण्याचे दिवस होते. एका मुलीचा चुलतभाऊ तिथे नोकरीला होता. तो त्याच्या जिममधून एक पावडर घेऊन आला. साधी पारदर्शक पिशवी, वर काही लिहिलेलं नाही. तीही बरणीत गेली.

पुढच्याच रविवारी वॉर्डनबाईंनी सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं. समोर टेबलावर बरणी. मला वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी चुगली केली. मी एकेकीचे चेहरे बघत बसले.

"यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"प्रोटीन," कुणीतरी म्हणालं.

"कोणत्या डब्यातलं? घटक काय, बॅच नंबर काय?"

एकीने बरणी फिरवून पाहिली. वर एक अक्षरही नव्हतं.

"छान. म्हणजे आपण काय पितो ते आपल्याला ठाऊक नाही, पण पितो मात्र रोज." बाईंचा आवाज कधी चढत नसे, तेच जास्त लागायचं. "उद्या उत्तेजकांच्या तपासणीत बंदी असलेलं काही सापडलं, तर बरणी कुणाची होती हे कुणी विचारणार नाही. लघवी तुमची, जबाबदारी तुमची. मैत्रिणीने दिलं, माहीत नव्हतं, हे सांगून बंदी टळत नाही. लेबल असलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. आत न लिहिलेलंही मिसळलेलं असू शकतं. काहीही घेण्याआधी बंद डबा खेळाच्या डॉक्टरांना दाखवायचा. घेतलंच तर डबा जपून ठेवायचा, दुसरीला द्यायचं नाही. आणि आयुर्वेदिक, घरगुती म्हणूनही सूट नाही."

बरणी त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. फेकली का नाही, म्हणून आम्ही रात्रभर कुजबुजलो. माझी खात्री होती, बाई ती आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वर कुठेतरी देणार.

सगळ्यात घाबरली माझी खोलीतली जोडीदार. लोणी काळभोरची, आठशे मीटर धावायची. तिची राज्याची निवड चाचणी तोंडावर होती. निवड झाली तर राष्ट्रीय स्पर्धा, आणि त्यातून खेळाडू कोट्यातली नोकरी. त्या पावडरीचं दूध तीही रोज प्यायली होती. बाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, नुसतं बघून काही सांगता येणार नाही. आजपासून बंद कर, तपासणीला नमुना घेतला तर तेव्हा भरायच्या फॉर्मवर काय घेतलंस ते खरं लिही, पण लिहिलं म्हणजे सुटलीस असं समजू नकोस. उरलेली पावडर मात्र ठेवा, म्हणाले, उद्या गरज पडली तर तीच दाखवता येईल. कुलपाचं कारण तेव्हा कळलं. मला बाईंचा रागच आला, कारण आता रागवायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतर होस्टेल बदललं. प्रत्येकीच्या डब्याला कुलूप, पाण्याच्या बाटल्या उशाशी. जोडीदार माझ्या हातचा चहाही घेईना. मला ते फार लागलं.

मग तिची आई आली, डब्यात लाडू घेऊन. मुलीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"आई, यात काय काय आहे?"

आईला हसू आलं. "काय असनार? शेंगदाणा, गूळ, तूप. आन् वैद्याची पुडी टाकलीय थोडी. ताकदीची हाय."

"कसली पुडी?"

"ते काय मला म्हाईत? चांगली हाय म्हनला."

मुलीने डबा झाकून परत आईच्या हातात दिला. बरणीतल्या पावडरीपेक्षा या लाडवांची मला जास्त भीती वाटली. चुगलखोर शोधत मी आठवडाभर मैत्रिणींकडे बघत होते, आणि पुडी आली ती मायेच्या हातातून. आई डबा पिशवीत घालून निघून गेली. जोडीदार भिंतीकडे तोंड करून झोपली. आईला दुखावलं, एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी आई पुन्हा आली. पिशवीत सालासकट शेंगदाणे, गुळाची ढेप, घरच्या तुपाची बाटली. बाईंकडून तिने मेसचं स्वयंपाकघर मागून घेतलं. मुलीला समोर पाटावर बसवलं, दाणे भाजले, कुटले, गूळ किसला. प्रत्येक जिन्नस घालण्याआधी मुलीपुढे धरत होती. शेवटी तुपाचे दोन्ही हात तिच्यासमोर उलटेसुलटे करून दाखवले.

"बघ नीट," ती म्हणाली. "आता खा."

मुलीने लाडू खाल्ला, रडत रडत. मग अर्धा मोडून माझ्याकडे केला.