करवलीची रजा

बेडश्याच्या आमच्या घरात ‘चुलत’ हा शब्दच कुणी वापरत नसे. काकांची मुलगी आणि मी एका ताटात जेवलो, एका गोधडीत भांडलो. लग्नात एकमेकींची करवली व्हायचं, हे आमचं शाळेतच ठरलेलं. माझ्या लग्नात पाण्याचा कऱ्हा घेऊन ती माझ्यामागे उभी होती. पुढे ती नर्स होऊन आसामात गेली आणि तिथलाच नवरा तिला मिळाला. लग्नही तिथंच ठरलं.

जायला तीन दिवस, यायला तीन. मी तालुक्याच्या ऑफिसात लिपिक. किरकोळ रजेत हे बसेना, म्हणून नऊ दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज केला, मुख्यालय सोडायची परवानगी मागितली आणि कारणात सरळ लिहिलं, ‘बहिणीचे लग्न’.

साहेबांनी अर्ज वाचला आणि माझी जुनी फाइल मागवली. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मीच लिहिलं होतं, ‘मी एकुलती एक असून वडिलांना पाहणारे दुसरे अपत्य नाही.’ दोन्ही कागद त्यांनी शेजारी-शेजारी ठेवले. खोटं मी दोन्हीकडे लिहिलेलं नव्हतं, पण हे त्या टेबलावर कुणाला कसं पटवायचं? काकांची मुलगी आहे, एका घरात वाढलो, असं काहीबाही सांगत राहिले.

“मग तसं लिहा,” साहेब म्हणाले.

खाली वाकून ‘बहिणीचे’च्या आधी मी ‘चुलत’ हा शब्द घातला आणि बाजूला छोटी सही केली.

साहेब वाईट नव्हते. दोन पदं रिकामी होती, ऑडिट तोंडावर होतं. सख्खी असती तर काहीतरी जमवलं असतं म्हणाले, आणि नवाचे चार दिवस केले. चार दिवसांत मी फार तर आसामात पोचले असते! मी अर्ज मागे घेतला. लग्नाच्या दिवशी ऑडिटच्या याद्या करत बसले. मुहूर्तासाठी मळवलीहून आणलेली हिरवी साडी नेसले होते, तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. घड्याळाकडे मात्र सारखं लक्ष जाई.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. कऱ्हा कुणी धरला, मी आधी तेच विचारलं.

“हितल्या एका मैत्रिणीनं. सगळी विचारत हुती, करवली कुटं हाय म्हणून. मी सांगितलं, माझी सख्खी बहीण हाय, तिला रजा न्हाई मिळाली.”

अर्जात मी काय लिहून दिलं, ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.