नव्या शेडमधली जुनी मास्तरीण

माझ्या सासूबाईंना त्रेपन्नाव्या वर्षी 'नवीन कामगार' करण्यात आलं. तो कागद माझ्याच टेबलावर आला म्हणून मला कळलं, नाहीतर घरात कुणी ताकास तूर लागू दिली नसती.

मी विशेष आर्थिक क्षेत्राच्या ऑफिसात कारकून आहे. आम्ही सगळे त्याला नुसतं झोन म्हणतो. झोनच्या कुंपणात कारखाना टाकला की पहिली पाच वर्षं नफ्यावर कर नाही, पुढची पाच वर्षं निम्मा. बाहेरून माल आणला तर जकात नाही. का, तर नवी गुंतवणूक यावी, लोकांना कामं मिळावीत. ऐकायला झकास आहे. तर एका नव्या कंपनीने करमाफीसाठी अर्ज केला होता आणि सोबत एकशे साठ नव्या कामगारांची यादी जोडली होती. सातवं नाव सासूबाईंचं. पुढच्या रकान्यात लिहिलेलं, 'पूर्वानुभव : नाही'.

अनुभव नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, अख्खा झोन त्यांना मास्तरीण म्हणतो. दहा वर्षांपूर्वी पहिली शेड उभी राहिली तेव्हा पहिल्या तुकडीत लागलेल्या. छोट्या मोटरीत बसते ना, ती तांब्याची कॉइल गुंडाळायचं काम. तार केसाएवढी. ताण कमी पडला की कॉइल सैल, जास्त झाला की तार तुटली. ते हातालाच कळावं लागतं, आणि सासूबाईंनी ते निदान तीनशे पोरींच्या हातांना शिकवलं. चुकली की हातावर फटका, रडली की स्वतःच्या डब्यातला घास. घरी मलाही तोच न्याय आहे, फक्त घास आधी आणि फटका, म्हणजे टोमणा, नंतर. पण बाई सोन्यासारखी. माझ्या बाळंतपणात रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसभर माझ्या उशाशी बसल्या.

झालं होतं असं. त्यांच्या कारखान्याच्या मालकाची, म्हणजे शेठची, सवलतीची दहा वर्षं संपली. आता पूर्ण कर भरायची वेळ आली. तर या गृहस्थाने जुनी कंपनी गुंडाळली आणि मेहुण्याच्या नावाने नवी काढली, रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये. कायदा तसा स्पष्ट आहे: जुनाच धंदा तोडून-जोडून उभी केलेली कंपनी नवी धरत नाहीत, आणि जुनी यंत्रं एकूण किमतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून बेचाळीस मशीन भंगार म्हणून गेटबाहेर गेली. अकरा दिवसांनी एका व्यापाऱ्याच्या बिलावर बेचाळीस 'नवी' मशीन गेटमधून आत आली. हिरवा रंग, चकचकीत पाट्या, आणि पाटीवर यंदाचं साल.

मी दोन्ही नोंदी घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही, पण वरून दरमहा नव्या नोकऱ्यांचा आकडा मागतात आणि हा आकडा देतो.

"साहेब, बेचाळीस गेली, बेचाळीसच आली?"

"योगायोग."

"आणि माझ्या सासूबाई नवीन कशा?"

"हे बघ, इथे आधी काय होतं? काटेरी झुडपं. तो भिंगांचा कारखाना बघ. परदेशी कंपनी, नऊशे माणसं, करमाफी नसती तर आली असती का?"

भिंगवाल्यांचं खरं होतं. ते तीन देश फिरून, हिशोब मांडून आले होते, आणि माणसंही खरोखर नवीन घेतली होती. पण त्यांच्या पदराआड शेठने का लपावं? एवढं बोलले तर साहेब म्हणाले, "तू टायपिंग कर." मी केलं. तोंड वर करून सांगते, केलं, कारण नोकरी माझीही होती आणि सासूबाईंचीही.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मी सरळच विचारलं. "आई, राजीनाम्यावर सही केलीत?"

"केली. सगळ्यांनी केली."

"अहो, पुन्हा सहा महिने उमेदवारी, पुन्हा तळाचा ग्रेड! ग्रॅच्युइटीची वर्षं शून्यापासून मोजणार. तुमची दहा वर्षं गेली कुठे?"

"मला काय हौस आली होती का? शेठ म्हणाला, सही करा नाहीतर मी शेजारच्या देशात जातो. तिथे पंधरा वर्षं माफी आहे. एकशे साठ बायका आहेत गं. माझ्या एकटीच्या वर्षांना काय चाटायचंय?"

पण हे म्हणताना त्या एकच देठ तीनदा खुडत होत्या. दहा वर्षं म्हणजे त्यांचं सगळं होतं. लोक दागिना दाखवतात तसं त्या पहिल्या तुकडीचं ओळखपत्र पाहुण्यांना दाखवायच्या. ते शेठने सहीबरोबर काढून घेतलं होतं.

पुढच्या गुरुवारी तपासणी. समितीत आमचे साहेब, आणि करखात्याच्या एक बाई. बारीक चणीच्या, पायात मळलेले बूट, प्रत्येक गोष्ट हात लावून बघणाऱ्या. टिपणं घ्यायला मी. शेठ मोठ्या तोऱ्यात सांगत होता की माफी मिळाली नाही तर तो उद्याच गाशा गुंडाळेल.

"मग दहा वर्षांत का नाही गेलात?" बाईंनी विचारलं. "तिकडे पंधरा वर्षांची माफी काही आजची नाही."

"तिकडे कुठे बंदर दोन तासांवर आहे? वीज दिवसातून चारदा जाते. आणि असे हात तिकडे मिळतात होय?" शेठ बोलून गेला. मग त्याने साहेबांकडे बघितलं, आणि साहेबांनी छताकडे.

बाईंनी एक मशीन चालवून दाखवायला सांगितलं आणि बोट ठेवलं नेमकं सहा नंबरवर, ज्याच्या खोड्या सासूबाई घरी कितीदा सांगायच्या. शेठचा इंजिनिअर पुढे झाला. बटण दाबलं, तार तुटली. पुन्हा ओवली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदाही. घामाघूम झाला बिचारा. सासूबाई नव्या गणवेशात रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. काम बिघडताना बघणं त्यांच्या रक्तात नाही.

"सरक बाजूला," असं म्हणून त्यांनी त्याला कोपराने ढकललं, तार ओवली, ताणाच्या चकतीवर अंगठा टेकवला, मशीन सुरू केलं आणि पंधरा-वीस वेढे होताच अंगठा उचलला. मशीन सुतासारखं सरळ चाललं.



"सुरुवातीला अंगठा लावावा लागतो हे कसं कळलं तुम्हाला?" करखात्याच्या बाईंनी हळूच विचारलं. "किती दिवस आहात या मशीनवर?"

सासूबाईंनी शेठकडे बघितलं, मग पोरींच्या रांगेकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझं पेन हातात तसंच राहिलं.

"चार दिवस," त्या म्हणाल्या.

"चार दिवसांत?"

"हुशार आहे मी."

शेठ हसला. मला त्या हसण्याचा इतका संताप आला की टिपणाचा कागद फाटला. घरी आल्यावर मी भडकले. सासू-सून नातं विसरून भांडले. "तो कुठेही जाणार नव्हता! तोंडाने बोलला ना तुमच्यासमोर? बंदर उचलून नेणार आहे का? तुमचे हात नेणार आहे का? तुम्ही त्याला घाबरता आणि तो तुमच्या जिवावर बसलाय!"

त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. मग म्हणाल्या, "चार दिवसांची बाई एका पाळीत किती कॉइली काढते, माहितीये?"

"किती?"

"तीस. मी दोनशे काढते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीस काढल्या. तार तुटली की हात वर करून इंजिनिअरची वाट बघत बसल्या. जेवणाच्या सुट्टीत बातमी रांगेभर पसरली आणि दुपारनंतर एकशे साठही जणी नवीन झाल्या. कुणाला बटण सापडेना, कुणाला तार ओवता येईना. एकीने तर "मास्तरीण, हे मशीन काय करतं हो?" असं विचारलं म्हणे. सोमवारी माल न्यायला जहाज होतं. शनिवारी शेठ धावत शेडमध्ये आला.

"मास्तरीण, काय तमाशा लावलाय?"

"शेठ, सहाच दिवस झालेत मला. शिकतेय."

"माझं जहाज चुकेल!"

"मग आमची वर्षं लिहून द्या. कंपनीच्या कागदावर. प्रत्येकीचं नाव, जुन्या कंपनीत लागल्याची तारीख, आणि नोकरी अखंड आहे म्हणून."

शेठ ओरडला, विनवण्या केल्या, पुन्हा ओरडला. दुपारी तीन वाजता त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. रविवारी सुट्टी असूनही सगळ्या आल्या आणि जहाज वेळेवर गेलं.

ते पत्र सासूबाईंनी मला दाखवलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. त्यांना त्यात आपली दहा वर्षं दिसत होती. मला दिसत होतं ते वेगळंच: शेठने स्वतःच्या सहीने कबूल केलं होतं की कंपनी जुनीच, माणसं जुनीच, फक्त पाटी बदलली. मी समजावून सांगितलं. "आई, हे करखात्याच्या बाईंना दिलं तर त्याची माफी जाईल. नाही दिलं तर तुमची वर्षं तशीही वाचली. तुम्ही सांगाल तसं."

"माफी गेली तर शेड बंद करेल?"

"मला नाही वाटत. पण शपथेवर सांगू शकत नाही."

दोन दिवस त्या पत्र उशाखाली ठेवून झोपल्या. मग पोरींना विचारून आल्या आणि पत्र माझ्यापुढे टाकलं. "दे. माझ्या तोंडून खोटं वदवलं त्याने. चारचौघांत, पोरींसमोर. ते मी नाही सोडणार."

एक प्रत मी करखात्याला दिली, गेटच्या नोंदींसकट. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. दीड महिन्याने आदेश आला: कंपनी नवी नाही, नफ्यावर पूर्ण कर भरावा, झोनमध्ये राहायला आणि जकातीच्या सवलतीला हरकत नाही. शेठने अपील केलं, ते चालूच आहे. त्या दिवशी मात्र तो शेडमध्ये उभा राहून गरजला, "सोमवारपासून कुलूप!"

सोमवारी मी रजा टाकून सासूबाईंबरोबर गेले. फाटकाशी एकशे साठ बायका उभ्या.

शेड उघडी होती. दिवे लागलेले, तांब्याचे नवे रीळ उतरवलेले, आणि शेठ दारात घड्याळ बघत उभा होता. "चला, चला, दहा मिनिटं उशीर झालाय," एवढंच म्हणाला.

पोरी हसत-खिदळत आत गेल्या. सासूबाई गेल्या नाहीत. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते आनंदाने नव्हे, हे मला त्यांच्या पकडीवरून कळलं.

"हा कुठेच जाणार नव्हता गं," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं पगारवाढ मागितली की जातो म्हणायचा, आणि दहा वर्षं मी पोरींना गप्प बसवत आले."